रिलायन्सचा १३०० चा सपोर्ट: २०१९ पासूनचा की चार्टचा भास?

उद्यमनगरकर

मंडळी, एक गुंता सोडवून द्या. वर्कशॉपच्या जुन्या पीसीवर माझं चार्टचं सॉफ्टवेअर आहे. रोज संध्याकाळी एनएसईची भावकॉपी उतरवतो आणि त्यात जोडतो. बरीच वर्षं असंच चाललंय, त्यामुळे साठा मोठा आहे.

त्यात रिलायन्सचा आठवड्याचा चार्ट उघडला. २०१९ च्या उन्हाळ्यापासून भाव बराच काळ १३०० च्या आसपास घुटमळतोय. मग वर जातो, ३२०० पर्यंत पोचतो, ऑक्टोबर २०२४ मध्ये एका दिवसात कडेलोट होतो आणि पुन्हा त्याच १३०० च्या पट्ट्यात येऊन थांबतो. कडेलोट बोनसचा आहे एवढं मला कळतं. पण खाली येऊन भाव नेमका जुन्याच जागी थांबला, म्हणून तिथं रेघ मारून ठेवली.

काल मोबाईलवर तोच चार्ट पाहिला तर २०१९ चा भाव ६०० च्याही आत दाखवतोय. रेघेला काही आधारच नाही. वर आणखी एक घोळ. एप्रिल २०२२ चा टॉप एका वेबसाइटवर १४२८ च्या आसपास आहे, दुसरीवर १२९६ च्या आसपास. माझ्या पीसीवर तो २८५६ आहे. कंपनी तीच, दिवस तोच, आकडे तीन. यातला खरा कुठला धरायचा?

---

तांबडा_पांढरा

अण्णा, तुमचा २८५६ आणि वेबसाइटचा १४२८, दोन्ही खरे. बोनस १:१ होता, म्हणून सगळं दोननं भागायचं, २८५६ चे १४२८. १२९६ दाखवणारी साइट गंडलेली हाय. विषय संपला.

तुमचं तरी बरं, माझ्या स्कॅनरनं जून २०२५ ला 'एका दिवसात ९० टक्के पडलेला शेअर' म्हणून बजाज फायनान्स दाखवला हुता. मी म्हटलं लई स्वस्तात घावला. मग कळलं, बोनस ४:१ आणि त्याच दिवशी स्प्लिट १:२. म्हणजे चार दुणे आठ, जुना भाव आठनं भागायचा.

---

पन्हाळ्याची_वाट

भावा, आठनं नाही, दहानं. बोनस ४:१ म्हणजे हातातल्या एका शेअरवर चार नवीन, एकाचे झाले पाच. स्प्लिटमध्ये दोनाचा एक दर्शनी भाव झाला, म्हणजे प्रत्येकाचे दोन. पाच दुणे दहा. तुझ्या स्कॅनरनं ९० टक्के घसरण दाखवली यातच उत्तर आहे. आठनं भागायचं असतं तर घसरण साडेसत्याऐंशी टक्के दिसली असती. ९३०० च्या आसपासचा शेअर १६ जून २०२५ ला ९३०-९४० च्या घरात उघडला.

लोक इथंच घसरतात, कारण बोनसचं गुणोत्तर आणि स्प्लिटचं गुणोत्तर वेगळ्या पद्धतीनं बोललं जातं. बोनसमध्ये पहिला आकडा फक्त नव्या शेअरचा असतो, जुना त्यात मोजलेला नसतो. म्हणून बोनस १:१ चा भागाकार दोन, २:१ चा तीन, १:२ चा दीड.

उद्यमनगरकर, तुमचा प्रश्न जरा खोल आहे. १२९६ वाली साइट गंडलेली नाही. रात्री सविस्तर लिहिते.

---

जयसिंगपूर_वहिनी

मला पण हेच विचारायचं होतं! सासऱ्यांनी रिलायन्स फार पूर्वी घेतले होते, ते आता आमच्या नावावर आहेत. बोनसनंतर ॲपमध्ये सरासरी खरेदी किंमत निम्मी दिसायला लागली. आमचे सीए म्हणतात बोनस शेअरची किंमत शून्य धरायची. मग ॲप चुकीचं दाखवतंय का? टॅक्स कशावर भरायचा?

---

ताळेबंद

वहिनी, हा धागा चार्टचा आहे, पण थोडक्यात सांगतो. तुमचे सीए बरोबर आहेत. आयकरात मूळ शेअरची किंमत आहे तीच राहते आणि बोनस शेअरची किंमत शून्य. आधी आलेला शेअर आधी विकला असं धरतात, त्यामुळे पहिला निम्मा साठा विकताना नफा कमी दिसेल आणि उरलेला विकताना सगळी रक्कमच नफा. ॲपमधली निम्मी सरासरी फक्त डोळ्यांना सोयीची, ती घेऊन रिटर्न भरू नका. सासऱ्यांचे शेअर ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे असतील, तर त्या तारखेच्या भावाचाही विचार होतो. शिवाय २०१७ चा बोनसही त्यात असेल. खरेदीच्या तारखा काढून सीएंकडे न्या.

आता उद्यमनगरकरांसाठी. फरक बोनसचा नसून जिओ फायनान्शियलच्या डीमर्जरचा आहे. जुलै २०२३ मध्ये ती कंपनी रिलायन्समधून बाहेर काढली. जुनी खरेदी किंमत दोन्हीकडे कशी वाटायची ते कंपनीनं जाहीर केलं होतं: ९५.३२ टक्के रिलायन्सकडे, ४.६८ टक्के जिओ फायनान्शियलकडे. त्यामुळे २८५६ ला ०.९५३२ नं गुणा आणि दोननं भागा. १३६१ येतात. तुमच्या दोन्ही वेबसाइट चुकीच्या आहेत, अधिकृत आकडा हा आहे.

---

उद्यमनगरकर

घ्या, आता चौथा आकडा आला.

---

गुजरीतला

मी सांगू का? १३०० हा गोल आकडा आहे, म्हणून भाव तिथं थांबतो. आमच्या पेढीवर सोनं प्रत्येक गोल आकड्याला अडतं, त्याला ना बोनस ना डीमर्जर.

---

पन्हाळ्याची_वाट

आता सविस्तर. भाव आजच्या मापात आणायचे असतील तर आजपासून मागे चालायचं आणि वाटेत कंपनीनं जे जे वाटलं, त्याचा त्याचा गुणक लावत जायचं. रिलायन्सच्या २०१९ पर्यंतच्या वाटेत मोठे टप्पे तीनच आहेत.

पहिला, २८ ऑक्टोबर २०२४, बोनस १:१. शुक्रवारी २६५५ च्या आसपास बंद झालेला शेअर सोमवारी १३४० च्या आसपास उघडला. गुणक ०.५.

दुसरा, २० जुलै २०२३, डीमर्जर. त्या दिवशी सकाळी नऊ ते दहा खास प्री-ओपन सत्र ठेवलं होतं, फक्त भाव ठरवायला. आदल्या दिवशी एनएसईवर बंद भाव २८४१.८५ होता, सत्रात रिलायन्सचा भाव २५८० ठरला. मधले २६१.८५ म्हणजे जिओ फायनान्शियल. गुणक २५८० भागिले २८४१.८५, म्हणजे ०.९०७९.

तिसरा, मे २०२० चा राइट्स, म्हणजे जुन्या भागधारकांना पैसे देऊन घेता येणारे नवे शेअर, पंधराला एक, १२५७ रुपयांनी. बाजारभावाहून थोडा स्वस्त होता आणि प्रमाण छोटं, म्हणून गुणक ०.९९ च्या जवळपास. फरक एका टक्क्याच्या आत.

आता तुमचा २०१९ चा १३०० घ्या. बोनसनं ६५०, डीमर्जरनं ५९०, राइट्सनं साधारण ५८५. मोबाईल '६०० च्या आत' दाखवतोय तो हाच. २०१९ मध्ये ज्यानं १३०० ला घेतला, त्याला आजच्या मापात तो ५८५ ला पडला. १३०० वर त्याचे पैसे दुपटीहून जास्त झालेले आहेत. तिथं तो ना घाबरून विकणार, ना 'माझ्या भावाला आला' म्हणून आणखी घेणार. तुमच्या रेघेच्या एका टोकाला जे लोक आहेत, त्यांचा दुसऱ्या टोकाशी काही संबंध नाही. मार्केट यार्डात एकानं गुळाचा भाव तीस किलोच्या रव्यावर सांगितला, दुसऱ्यानं दहा किलोच्या ढेपेवर, आणि आकडा एक आला म्हणून आपण 'भाव टिकून आहे' म्हणालो, तशी ती रेघ आहे.

ताळेबंद काका, ४.६८ टक्के खरा आहे, पण तो करासाठी आहे. तो कंपनीच्या पुस्तकातल्या मालमत्तेच्या प्रमाणावर निघाला. बाजारानं त्या दिवशी वेगळा केलेला भाग होता ९.२१ टक्के. तुमचा गुणक तपासायला १९ जुलैच्याच भावाला लावून बघा. २८४१.८५ गुणिले ०.९५३२ म्हणजे साधारण २७०९. दुसऱ्या दिवशी भाव २५८०. म्हणजे चार्टवर १२९ रुपयांची खाली गॅप उरते, आणि ती गॅप कुणाच्याच खिशातून गेलेली नाही. ज्याच्याकडे शेअर होता त्याला तेवढ्याचा जिओ फायनान्शियल मिळणार होता. गुणक बरोबर लागला की कॉर्पोरेट ॲक्शनच्या दिवशीचा सांधा दिसत नाही. हीच माझी कसोटी.

---

ताळेबंद

ताई, सांध्याचा मुद्दा मान्य. कराचा आकडा चार्टला लावायचा नाही हेही पटलं. पण ऑडिटरची खोड जात नाही, म्हणून विचारतो. २६१.८५ हा 'ठरलेला' भाव म्हणता, पण त्या दिवशी जिओ फायनान्शियलचा एकही शेअर कुणी विकला नाही. ती नोंदली गेली २१ ऑगस्टला, महिनाभरानं, आणि नंतरचे काही दिवस लोअर सर्किटला लागली. २६१.८५ ही निव्वळ वजाबाकी आहे. बीएसईवर तर तोच आकडा २७३ निघाला होता. मग एनएसईच्या चार्टवर एक लेव्हल आणि बीएसईच्या चार्टवर दुसरी?

---

पन्हाळ्याची_वाट

हो, तसंच. आणि यात तुम्ही म्हणता ते खरं आहे, बोनस-स्प्लिटचा गुणक गणितानं येतो, डीमर्जरचा अंदाजानं. पहिल्यात वाद नाही, दुसऱ्यात आहे. म्हणूनच काही डेटावाले डीमर्जर लावतच नाहीत. उद्यमनगरकरांच्या १४२८ वाल्या साइटनं तेच केलंय, फक्त बोनस लावला. १२९६ वालीनं दोन्ही लावले: २८५६ गुणिले ०.९०७९, साधारण २५९३, त्याचे निम्मे १२९६.

---

उद्यमनगरकर

थांबा थांबा. म्हणजे २०२२ चा टॉप नीट अॅडजस्ट केला की १२९६ ला येतो, आणि माझी 'खोटी' रेघ १३०० ला आहे? मग रेघ काम करत होती ते काय उगाच?

---

पन्हाळ्याची_वाट

हाच तर या प्रकरणातला सगळ्यात फसवा भाग. खोटी लेव्हल प्रत्येक वेळी चुकीची ठरली असती तर लोकांनी कधीच सोडली असती. इथं २०१९ चा कच्चा १३०० आणि २०२२ चा अॅडजस्ट केलेला १२९६ योगायोगानं एकमेकांवर बसलेत. भाव तिथं अडखळला असेल, पण तुम्ही त्याचं श्रेय २०१९ ला देताय. पुढं १३०० मोडलं तर तुम्ही २०१९ चा पुढचा तळ शोधणार, कच्च्या चार्टवर तो ११०० च्या आसपास सापडणार, आणि तिथं खरेदीची ऑर्डर लावणार. आजच्या मापात तो ११०० म्हणजे पाचशेच्या अलीकडं. त्या जागी आधार द्यायला त्या काळचं कुणीच नाही.

---

गुजरीतला

ताई, पण एप्रिल २०२५ मध्ये भाव १११५ पर्यंत गेला आणि तिथूनच उलटला. आता बोला.

---

पन्हाळ्याची_वाट

७ एप्रिल २०२५, जगभरचे बाजार टॅरिफच्या धसक्यानं एकदम आपटले तो दिवस. त्या दिवशी जवळपास सगळ्या मोठ्या शेअरनी तळ केला. त्यातल्या कितींना कच्च्या चार्टवर जुनी रेघ मिळाली असती ते मोजा, मग बोलू.

तुमचा गोल आकड्याचा मुद्दा मात्र मी नाकारत नाही. १३०० ला ऑर्डरी साठतात. १२९६ आणि १३०० यातलं काम कुणी केलं हे चार्टवरून सिद्ध करता येत नाही.

---

गुजरीतला

एवढं मान्य केलंत, बास.

---

कागलकर

मी लाभांशाचं विचारतो, कारण माझं दुखणं तिकडं आहे. वेदांतानं २०२२-२३ मध्ये पाच वेळा लाभांश दिला, एकूण १०१ रुपये ५० पैसे. शेअर तीनशेच्या आसपास असताना! त्यामुळं त्या वर्षीच्या चार्टवर जिकडं बघावं तिकडं गॅप. एका ॲपमध्ये एक बटण आहे, दाबलं की सगळा जुना चार्ट खाली सरकतो, पुन्हा दाबलं की वर येतो. कुठल्या अवस्थेत रेघा मारायच्या?

आणि जमलं तर हेही सांगा, जुन्या भावातून सरळ १०१.५० वजा केले तर नाही का चालत? सोपं पडेल.

---

ताळेबंद

वजाबाकीच करायची. लाभांश रुपयांत दिला, टक्क्यांत नाही.

---

पन्हाळ्याची_वाट

काका, मार्च २०२० मध्ये वेदांता साठ-पासष्टच्या घरात होता. त्यातून १०१.५० वजा करा आणि मला भाव सांगा.

---

तांबडा_पांढरा

उणे चाळीस! शेअर घेणाऱ्यालाच पैसे! असला शेअर कुठं मिळतो सांगा, आज घेतो.

---

पन्हाळ्याची_वाट

म्हणून गुणाकार. एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश किंवा बोनस मिळत नाही तो दिवस. समजा त्याच्या आदल्या दिवशी बंद भाव ३०० आणि लाभांश २०. गुणक २८० भागिले ३००, म्हणजे ०.९३३३. त्या आधीच्या प्रत्येक भावाला तो लावायचा. मग २०२० चा ६० होतो ५६. टक्केवारीतली चढ-उतार आहे तशीच राहते आणि भाव शून्याखाली जात नाही. वजाबाकीत कालचा भाव बरोबर येतो, पण जितकं मागं जाल तितकी टक्केवारी बिघडत जाते.

आता बटण. TradingView वर ते खाली उजवीकडं ADJ नावानं असतं. स्प्लिट-बोनस तिथं ते दाबा न दाबा लागलेलेच असतात, बटण फक्त लाभांशाचं. Yahoo च्या तक्त्यात Close मध्ये स्प्लिट-बोनस लागलेला असतो आणि Adj Close मध्ये त्यावर लाभांशही. हे माहीत नसलं की लोक Close उतरवतात आणि 'बोनस आहे' म्हणून पुन्हा दोननं भागतात. दोनदा अॅडजस्ट झालेला चार्ट कच्च्यापेक्षा वाईट, कारण तो गुळगुळीत दिसतो आणि संशयच येत नाही. ओळखायचं असेल तर बोनसच्या आधीच्या एखाद्या तारखेचा भाव त्या दिवशीच्या भावकॉपीशी ताडून बघा. भागाकार दोन यायला हवा, चार आला तर दोनदा झालंय.

रेघांसाठी मी लाभांश लावत नाही. पण हे माझं मत आहे, नियम नाही. माणसाच्या डोक्यात '३०० ला घेतला' असं बसलेलं असतं, लाभांश बँकेत जमा झाला तरी तो आपली खरेदी २८० मानत नाही. तोटा भरून निघेपर्यंत थांबणारा माणूस ३०० लाच विकायला येतो. बोनसचं तसं नाही, तिथं हातातले शेअर दुप्पट झालेले डोळ्यांना दिसतात. उलट, एखादी पद्धत दहा वर्षांत किती परतावा देते हे तपासायचं असेल तर लाभांश लावलाच पाहिजे, नाहीतर वेदांतासारख्या शेअरमध्ये एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम हिशेबातून गायब होते.

---

कागलकर

पण ताई, वर्षाला शेकडा तीस टक्के वाटणारा शेअर असेल तर '३०० ला घेतला' असं कोण धरून बसतो? आमच्या ग्रुपमध्ये सगळे 'मला आता दोनशेला पडला' असंच म्हणतात. लाभांश हातात आला की किंमत मनात कमी होतेच.

---

पन्हाळ्याची_वाट

वेदांताच्या बाबतीत तुमचं बरोबर असू शकतं. दीड-दोन टक्के लाभांश देणाऱ्यात मी म्हणते तसं. मधे कुठं रेघ ओढायची मला सांगता येणार नाही. फ्युचर-ऑप्शनमध्ये एक्सचेंजनं एक हद्द ठरवलीय, लाभांश बाजारभावाच्या दोन टक्के किंवा जास्त असेल तर स्ट्राइक तेवढे रुपये खाली आणतात. त्याहून लहान असेल तर हात लावत नाहीत. चार्टला तीच हद्द लावणारेही आहेत.

---

तांबडा_पांढरा

माझा पण एक प्रश्न. रेघा सोडा, मी २०० दिवसांच्या सरासरीवर चालतो. सरासरीत कच्चा-पक्का सगळं मिसळून जातंय की, तिथं काय बिघडणार?

---

उद्यमनगरकर

हे मी सांगतो, आत्ताच कागदावर मांडून बघितलं. समजा बोनसच्या आधी भाव २८०० धरला आणि नंतर १३००. बोनसनंतर पन्नासाव्या दिवशी सरासरीत १५० दिवस २८०० चे आणि ५० दिवस १३०० चे. उत्तर २४२५. भाव १३०० आणि सरासरी २४२५! सगळे जुने दिवस बाहेर पडायला दोनशे सत्रं लागतात, म्हणजे नऊ-दहा महिने. तोवर माझं सॉफ्टवेअर 'भाव सरासरीच्या खाली' असंच ओरडणार. आणि पन्नास दिवसांची सरासरी आधी खाली येते, म्हणजे मधेच एक डेथ क्रॉसही काढून देणार.

---

पन्हाळ्याची_वाट

अगदी. आणि '५२ आठवड्यांचा नीचांक' दाखवणाऱ्या यादीचंही तेच.

---

उद्यमनगरकर

मग माझ्या साठ्याचं काय करू? सगळं फेकून नव्यानं उतरवायचं म्हणजे जिवावर येतं.

---

पन्हाळ्याची_वाट

फेकू नका. कच्चा साठा कधीच पुसू नये, खरा पुरावा तोच. त्याच्या शेजारी गुणकांची एक छोटी फाईल ठेवा: तारीख, शेअर, गुणक. एनएसईच्या कॉर्पोरेट ॲक्शनच्या पानावर एक्स-डेट आणि कारण दोन्ही मिळतं. मग शेवटच्या दिवसापासून मागं या:

```
adj = [0.0] * len(raw)
f = 1.0
for i in range(len(raw) - 1, -1, -1):
    adj[i] = raw[i] * f
    f = f * factor[i]
```

factor मध्ये एक्स-डेटला गुणक, बाकी सगळीकडं १. क्रम महत्त्वाचा: एक्स-डेटचा स्वतःचा भाव आधीच नव्या मापात असतो, म्हणून गुणक त्याच्या आदल्या दिवसापासून लागतो. ओळी उलट लिहिल्या तर एक्स-डेटलाच एक खोटा खिळा दिसतो.

दोन ठिकाणी अडखळाल. एक, स्प्लिटमध्ये दर्शनी भाव बदलतो म्हणून आयएसआयएन, म्हणजे शेअरचा ओळख क्रमांक, नवीन मिळतो, बोनसमध्ये जुनाच राहतो. तुमचं सॉफ्टवेअर आयएसआयएनवर जुळवत असेल तर स्प्लिटच्या दिवशी इतिहासच तुटेल. दुसरं, पैशांत पूर्णांक करू नका. बजाज फायनान्सला २०१६ मध्येही पाचाचा स्प्लिट आणि १:१ बोनस एकत्र होता, तोही दहाचा. दोन्ही मिळून त्याआधीचे भाव शंभरनं भागायचे. जिथं ६० रुपये होते तिथं ६० पैसे. दोन दशांश ठेवले तर एक पैसा म्हणजे दीड टक्क्याहून जास्त, आणि सगळा जुना चार्ट पायऱ्यांसारखा दिसतो. त्या पायऱ्यांवर लोक सपोर्ट काढताना मी पाहिलेत.

---

कागलकर

एक राहिलं. रेघा, अलर्ट आणि स्टॉपलॉस गुणकानं आपोआप सरकत नाहीत. बोनसच्या आधी २५०० ला विक्रीची कायमची ऑर्डर लावली असेल आणि ती कुणी काढली नसेल, तर एक्स-डेटला भाव १३४० बघून ती लगेच पेटणार. काही ब्रोकर आदल्या दिवशी अशा ऑर्डरी रद्द करतात आणि मेसेज पाठवतात. मग उलटी गंमत, आपल्याला वाटतं स्टॉपलॉस आहे आणि तो नसतोच. एक्स-डेटच्या सकाळी ऑर्डरींची यादी बघायचीच.

---

जयसिंगपूर_वहिनी

ताळेबंद काका, तारखा सापडल्या, काही शेअर २००९ च्या बोनसच्या आधीचे आहेत! सीएंकडे उद्या जातो आम्ही. बाकीचं डोक्यावरून गेलं, पण ॲपमधली अलर्टची यादी उघडून बघते.

---

उद्यमनगरकर

फाईल केली. रिलायन्सच्या तिन्ही तारखा टाकल्या. सांधे बघितले: २८ ऑक्टोबर २०२४ गुळगुळीत, २० जुलै २०२३ गुळगुळीत. १३०० ची रेघ पुसली. २०२२ च्या टॉपला १२९६ ला एक मारली आणि १४२८ ला तुटक मारून ठेवली, ताळेबंद काकांच्या समाधानासाठी. १३६१ ला नाही मारली, माफ करा काका.

पण व्हॉल्यूमचं विचित्र दिसतंय. बोनसनंतर रोजची उलाढाल एकदम दुप्पट झाल्यासारखी वाटते. 'मोठे लोक घेतायत' असं कुणालाही वाटेल. तिथं पण ०.५ नं गुणायचं का?

---

पन्हाळ्याची_वाट

उलटं. जुन्या व्हॉल्यूमला ०.५ नं भागायचं, म्हणजे दुप्पट करायचं. भाव निम्मा, नग दुप्पट, रुपयांतली उलाढाल तीच. पण हे फक्त बोनस आणि स्प्लिटला. डीमर्जर आणि लाभांशात शेअरची संख्या बदलत नाही, तिथं व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. तुमच्या फाईलमध्ये व्हॉल्यूमसाठी गुणकाचा वेगळा रकाना करा, २० जुलै २०२३ समोर त्यात १ लिहा.

---

ताळेबंद

आणि राइट्समध्ये संख्या वाढते, पण पैसे देऊन. तिथं कुठला गुणक?

---

पन्हाळ्याची_वाट

काका, पंधराला एकमध्ये तो इतका लहान आहे की मी १ च लिहिते. मोठा राइट्स असेल तर वेगवेगळे डेटावाले वेगवेगळं करतात.

---

ताळेबंद

म्हणजे पुन्हा चार आकडे.